हाकेला ओ

“गप रव, माका आधी बोलूक दी.”

काकी हे फळीवरच्या मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेल्या छोट्या स्पीकरला म्हणाली. मी बाहेर पडवीत कानाला हेडफोन लावून बसले होते. श्रावणातली संकष्टी होती, चंद्रोदयाच्या नैवेद्याला एकवीस मोदक व्हायचे होते, आणि काकीचे दोन्ही हात मनगटापर्यंत ओल्या उकडीने माखलेले होते. स्पीकरमधून येणारं वाक्य मी लिहिलेलं होतं. त्या वाक्यावर मी चार दिवस काम केलं होतं आणि ते मला आवडतही होतं.

माझं काम असं की बोलक्या मदतनीसाची मराठी वाक्यं मी लिहिते. आवाजाने चालणारं, स्वयंपाकघरात ठेवायचं एक यंत्र. त्याला विचारलं की ते कृती सांगतं, वेळ लावतं, मापं करून देतं. ते मराठीत काय म्हणेल, कुठल्या शब्दात म्हणेल, कधी गप्प बसेल हे कुणीतरी बसून ठरवावं लागतं. यंत्र तयार व्हायच्या आधी वाक्यं पारखायची एक जुनी रीत आहे: यंत्राच्या जागी माणूस बसवायचा. मी पुण्यातल्या एका मैत्रिणीच्या आवाजात चौदा वाक्यं ध्वनिमुद्रित करून घेतली, ती फोनमध्ये भरली, आणि वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरी येऊन काकीच्या फळीवर स्पीकर ठेवला. काकी बोलली की पडवीतून मी बटण दाबून योग्य ते वाक्य वाजवायचं. काकीला हे सगळं आधीच सांगितलं होतं. पण दहा मिनिटांत ती ते विसरली आणि फळीकडे बघून बोलायला लागली. अशा वेळी जे कळतं ते विचारून कळत नाही.

त्या दिवशी मला एकच गोष्ट बघायची होती. ओल्या हातांची बाई मदतनीसाला पहिल्यांदा हाक मारते, नमस्कार म्हणते, ‘काय गो’ म्हणते, तेव्हा त्याने सगळ्यात आधी काय म्हणावं?

मी लिहिलेलं उत्तर हे होतं: “नमस्कार! मी तुमची स्वयंपाकघरातली सहाय्यक. मी तुम्हाला पाककृती सांगू शकते, वेळ लावू शकते, मापं बदलून देऊ शकते, वाणसामानाची यादी करू शकते. आज मी तुमची काय मदत करू शकते?” अठ्ठावीस शब्द. मैत्रिणीने ते छान, सावकाश म्हटलं होतं. तेरा सेकंद लागत होते.

कागदावर तेरा सेकंद काहीच नाहीत. उकडीच्या परातीसमोर ते किती असतात, ते सांगते.

काकीचं माप दोन वाट्या तांदळाची पिठी आणि दोन वाट्या पाणी. पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर लोणी घालून उकळी आली की गॅस बारीक करून पिठी घालायची, उलथन्याच्या दांड्याने ढवळायची, झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं वाफ काढायची आणि गॅस बंद करून पुढची दहा मिनिटं तशीच झाकून ठेवायची. मग ती परातीत काढून गरम असतानाच मळायची, हात थंड पाण्यात बुडवत बुडवत. उकड गरम असते तोवरच मऊ होते. गार झाली की पारी कडेला तडकते, आणि तडकलेल्या पारीला मुखऱ्या पाडायला गेलं की सारण बाहेर डोकावतं. म्हणून काकी सगळी उकड ओल्या फडक्याखाली झाकते, एकेक लिंबाएवढा गोळा काढते, बोटं पाण्याला लावून पारी करते. पारी तळहातावर असते तेव्हा ती खाली ठेवता येत नाही, आणि हात धुतले तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

पहिले अकरा मोदक हळदीच्या पानांवर, तोपातल्या चाळणीत बसले. झाकण पडलं. आता बारा मिनिटं मोजायची होती. काकीच्या डाव्या तळहातावर बारावी पारी होती. ती मान न वळवता म्हणाली, “काय गो, आयकतंस?” आणि माझी तेरा सेकंदांची सहाय्यक सुरू झाली.

“पाककृती सांगू शकते” इथवर काकी ऐकत होती. “वेळ लावू शकते” आलं तेव्हा ती “होय, बारा मिन्टां...” म्हणाली, पण वाक्य पुढे चालूच राहिलं. ती थांबली. मापं झाली, वाणसामान झालं. ती पुन्हा म्हणाली, “बारा...” आणि त्याच क्षणी आवाज म्हणाला, “आज मी तुमची...” तेव्हा ती ओरडली: गप रव. तोवर पारीची कड सुकली होती. तिने तो गोळा पुन्हा उकडीत मोडला.

ओल्या हातांचा अर्थ मला तेव्हा नीट कळला. ओल्या हातांनी पडद्याला हात लावता येत नाही, एवढंच मी धरून चालले होते. खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. ज्या बाईचे हात मोकळे असतात ती लांबलेलं वाक्य बोट लावून बंद करू शकते, पडद्यावर वाचून पुढे जाऊ शकते. काकीकडे त्या घटकेला फक्त तोंड आणि कान होते. मदतनीस बोलत असताना तिचं तोंड बंद पडतं आणि कान अडकतो. म्हणजे मदतनीस बोलतो तेवढा वेळ तिच्याकडे काहीच उरत नाही. पहिल्या वाक्यातला प्रत्येक शब्द तिच्या हातून काढून घेतलेला असतो.

शिवाय तिने नमस्कार केलाच नव्हता. हे मला ध्वनिमुद्रण चारदा ऐकल्यावर उमगलं. “काय गो, आयकतंस?” याचं रूप अभिवादनाचं असलं तरी काम हाकेचं आहे. नमस्काराला नमस्कार लागतो. हाकेला ओ लागते.

मराठीत ‘ओ देणे’ असा स्वतंत्र वाक्प्रचार आहे हे आपण लक्षातच घेत नाही. उत्तर देणं वेगळं, ओ देणं वेगळं. ओ म्हणजे: ऐकलं, मी इथे आहे, पुढचं तू बोल. त्यात दुसरं काही नसतं आणि असू नये.

एमॅन्युएल शेग्लॉफ नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1968 साली नेमकं यावरच लिहिलं आहे. पोलिसांकडे आलेल्या आणि पोलिसांनी केलेल्या सुमारे पाचशे फोनसंभाषणांच्या सुरुवाती त्याने तपासल्या. नियम साधा दिसत होता: फोन उचलणारा आधी बोलतो. एक संभाषण सोडून सगळी त्यात बसत होती. त्या एकात फोन पोलिसाने केला होता; पलीकडे फोन उचलला गेला, कुणीच बोललं नाही, सेकंदभर शांतता झाली, आणि मग फोन करणारा पोलीसच “हॅलो” म्हणाला. दुसरा कुणी हे एक उदाहरण बाजूला टाकून मोकळा झाला असता. शेग्लॉफने त्या एकासाठी सगळा नियम नव्याने मांडला. फोनची घंटी हेच पहिलं बोलणं आहे, ती हाक आहे. उचलणाऱ्याचं “हॅलो” म्हणजे त्या हाकेला दिलेली ओ. आणि ओ आली नाही म्हणून त्या माणसाने दुसऱ्यांदा हाक मारली. ज्याने हाक मारली त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे, आणि ओ मिळाली की बोलायची पाळी पुन्हा त्याच्याकडे जाते, हेही त्याने दाखवून दिलं.

माझ्या अठ्ठावीस शब्दांनी ही पाळीच काकीच्या हातून काढून घेतली होती. हाक तिने मारली, बोलायचं तिला होतं, आणि बोलत होते मी.

दुसऱ्या फेरीला मी मैत्रिणीकडून फोनवरच चार लहान वाक्यं मागवली. “बोला.” “ऐकतेय.” “काय करू?” आणि नुसतं “ओ.”

यातलं कुठलंही चालेल असं वाटत होतं. पण मराठीत पहिला शब्द तोंडातून पडतानाच दोन निर्णय होऊन जातात. “बोला” म्हटलं की समोरच्याला तुम्ही केलं. “बोल” म्हटलं की तू. “ऐकतेय” म्हटलं की बोलणारी बाई झाली, “ऐकतोय” म्हटलं की बाप्या. स्वयंपाकघरात हाक मारणारं माणूस कोण आहे हे यंत्राला पहिल्या क्षणी ठाऊक नसतं. काकी असेल, सून असेल, दहावीतला नातू असेल. काकीला स्वयंपाकघरात कुणी “बोला” म्हणत नाही. तो शब्द दुकानातला, कचेरीतला. तिने तो ऐकला आणि पदर सारखा करायला कोपर उचललं. आणि नातवाने काकीला “बोल” म्हटलेलं चालतं, पण फळीवरच्या परक्या आवाजाने म्हटलं तर तिला ते टोचेल, आणि टोचायलाच हवं.

“काय करू?” यात यंत्र बाई की बाप्या ते कळत नाही, समोरच्याला तू की तुम्ही तेही कळत नाही. म्हणून ते मला सगळ्यात जास्त आवडलं. ते काकीला वाजवलं. ती क्षणभर थांबली. तिला जे सांगायचं होतं त्याच्याऐवजी ती त्या प्रश्नाचा विचार करायला लागली, आणि म्हणाली, “तू काय काय करतंस?” सरळ प्रश्न आला की माणूस उत्तर शोधू लागतो, आणि स्वतःचं आधी ठरवलेलं वाक्य मागे पडतं. तिला बारा मिनिटं हवी होती हे ती दोन सेकंदांसाठी विसरली.

मग “ओ” वाजवली. काकी लगेच म्हणाली, “बारा मिन्टां लाव.” आणि पारी वळवत राहिली. मान वर झाली नाही, हात थांबला नाही. थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाली, “आता कसा, ओ दिल्यान.”

तू-तुम्ही नाही, बाई-बाप्या नाही, प्रश्न नाही, आणि तरी घरातल्या माणसासारखं. ‘ओ’ला इतक्या अडचणींतून एकदम वाट काढता येते याचा मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला.

पण तेवढ्यावर संपलं नाही. दुपारी तीनच्या सुमारास सर आली. आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या अर्ध्या भागावर पत्रा आहे. श्रावणातली सर पत्र्यावर पडते तेव्हा समोरासमोर बोलायचं तरी आवाज चढवावा लागतो. काकीने हाक मारली, मी ओ वाजवली, तिला ऐकू आली नाही. तिने पुन्हा हाक मारली, शेग्लॉफच्या त्या फोन करणाऱ्यासारखी. मी पुन्हा वाजवली आणि नेमकी तिच्या दुसऱ्या हाकेवरच पडली.

ध्वनिमुद्रणातली ओ अगदी तोकडी होती, सेकंदाचा पाचवा हिस्सा. मैत्रीण पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहते. तिथे एवढी पुरते. आमच्याकडे अंगणातून, बागेतून, विहिरीवरून दिलेली ओ लांब असते, “ओऽऽ”, शेवटाला किंचित उतरणारी. ती लांबी लाडाची नाही, गरजेची आहे. नळाच्या आणि पावसाच्या फसफसाटात स, श, च ही व्यंजनं आधी बुडतात, कारण त्यांचा जोर वरच्या पट्टीत असतो. ओ हा खालच्या पट्टीतला भरीव स्वर, तो तगतो. पण तगायला त्याला वेळ मिळाला पाहिजे. दचकलेल्या कानाला, हा आपल्याला आलेला आवाज आहे हे ओळखायला तेवढा अवधी लागतो. मैत्रिणीला मी फोनवर आमच्या आईची ओ ऐकवली. तिने तीन लांब्यांच्या करून पाठवल्या. त्यातली मधली, जवळजवळ अर्ध्या सेकंदाची, पत्र्याखाली ऐकू गेली. शांत स्वयंपाकघरात तीच जरा जास्त वाटते. यंत्राला आजूबाजूचा गोंगाट मोजता येतो, त्यामुळे शांततेत आखूड आणि सरीत लांब अशी दोन ध्वनिमुद्रणं ठेवावीत असं मी लिहून दिलं आहे.

ओ कधी द्यायची हा आणखी नाजूक मामला. दहा भाषांमधल्या संभाषणांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत माणसं सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा घेतात, असं त्यात दिसलं. त्या दहांत मराठी नव्हती. पण जपानी आणि डॅनिश इतक्या लांबच्या भाषाही एकमेकींपासून अर्ध्या सेकंदाच्या आतच होत्या, तेव्हा मराठी माणूस फार वेगळा असेल असं मला वाटत नाही. म्हणजे ओ झटपट हवी. सेकंदभर उशीर झाला की दुसरी हाक आलीच.

इथे घोळ होतो. काकी कधी नुसती हाक मारते, कधी एका दमात सगळं सांगते: “काय गो, दोन वाटी खोबऱ्याक गूळ किती?” हाक संपताक्षणी ओ दिली तर ती तिच्या “दोन वाटी”वर पडते. वाट बघितली तर नुसत्या हाकेच्या वेळी उशीर होतो. आणि काकी वाक्याच्या मध्येच थांबते. “काय गो, ता...” म्हणून तिने कोपराने गॅस बारीक केला, चाळणीवरचं झाकण सरकवलं, आणि मग “... सारण सैल झाला तर काय करतत?” मध्ये तीन सेकंद गेले. टेबलाशी बसलेलं माणूस असं थांबत नाही. स्वयंपाक करणारं माणूस वाक्यात थांबतं कारण हाताचं काम वाक्यापेक्षा तातडीचं असतं.

मी बरेच प्रयोग केले. शेवटी जे जमलं ते असं. हाकेनंतर सुमारे अर्धा सेकंद थांबायचं. तेवढ्यात पुढचा शब्द सुरू झाला तर ओ गिळून टाकायची, ऐकत राहायचं. झाला नाही तर ओ द्यायची. ओ देत असताना काकी बोलू लागली तर तिथल्या तिथे ओ तोडायची. त्यासाठी यंत्राला आपलाच आवाज ऐकण्यातून वजा करता यावा लागतो, नाहीतर ते स्वतःच्या ओ-लाच काकीचं बोलणं समजेल. आणि एकदा वाक्य सुरू झालं की पूर्ण झालं असं मानायची घाई करायची नाही. “काय गो, ता” हे वाक्य नाही, हे ऐकणाऱ्याला कळतं. शब्द अर्धवट असतील तर यंत्राने चार सेकंद थांबावं, पुरे असतील तर एक सेकंदही बास.

ओ दिल्यावर काकी काहीच बोलली नाही तर? हे खरंच होतं. मांजर आत येतं, दूध वर येतं, दारात कुणीतरी येतं. आधीच्या मसुद्यात मी तीन सेकंदांनी “मला ऐकू आलं नाही, पुन्हा सांगाल का?” असं घातलं होतं. ते काढून टाकलं. ती काही बोललीच नव्हती, मग न ऐकू आल्याचा दोष तिच्या गळ्यात कशाला? आता आठ सेकंद शांत राहायचं, आणि मग एक उतरता, हळू ‘टुंग’ असा नाद करून ऐकणं बंद करायचं. हा नाद मला फार महत्त्वाचा वाटतो. अशा यंत्रांवर ऐकत असल्याची खूण म्हणून दिवा लागतो. काकीची फळीकडे पाठ होती. तिला दिवा दिसत नाही. ऐकणं सुरू झाल्याचं ओ-ने कळलं, तर बंद झाल्याचंही कानालाच कळलं पाहिजे. नाहीतर ती बंद कानाशी बोलत राहते.

हाकेपाठोपाठ काही न सुचणारी माणसंही असतात. आमच्या शेजारची सून आली होती, ती नवीनच. तिने हौसेने हाक मारली, ओ मिळाली, आणि ती हसून गप्प. तिला यंत्र काय करतं ते माहीत नव्हतं. माझ्या तेरा सेकंदांच्या वाक्याला हीच एक सबब होती: नव्या माणसाला यादी हवी असते. पण कानाला यादी धरता येत नाही. कागदावरची यादी डोळा वरखाली फिरून बघतो. बोललेली यादी एकेक शब्दाने निसटत जाते. मी तिच्यासाठी दुसरं वाक्य ठेवलं, ओ नंतर चार सेकंदांनी, आणि फक्त त्याच माणसांसाठी ज्यांनी अजून काही विचारलेलं नाही: “वेळ लावू, की कृती सांगू?” दोनच गोष्टी, आणि दोन्ही अशा की चुलीसमोर उभं असताना लागतात. वाणसामानाची यादी त्यात नाही. सून म्हणाली, “कृती सांग, खांटोळ्याची.” तिला पुढचं सुचलं.

संध्याकाळी दुसरा घाणा लागला. दहा मोदक, बारा मिनिटं. सातव्या मिनिटाला काकीने हाक मारली. आता पहिल्यांदाच मला ओ अपुरी वाटली. चुलीवर एकच गोष्ट आहे, एकच वेळ लागलेली आहे, आणि हाक मारणारीचे हात भरलेले आहेत. दहात नऊ वेळा ती हेच विचारणार की किती राहिलं. मी “ओ, पाच मिनिटं राहिली” हे वाक्य तयार ठेवलं होतं, ते वाजवलं. काकी म्हणाली, “रवांदे. हळदीची पानां आणखी हवी, आवशीक सांग.” तिला वेळ विचारायचीच नव्हती. तरी ती चिडली नाही. नको असलेलं उत्तर चारच शब्दांचं होतं आणि ओ आधी आली होती, म्हणजे पाळी तिचीच राहिली होती. हा अपवाद मी ठेवला आहे. मात्र दोन वेळा लागलेल्या असल्या, एक मोदकांची आणि एक भाताची, तर नुसती ओ. कुठल्या वेळेबद्दल विचारते आहे ते यंत्राने ओळखायला जाऊ नये.

आणखी एका ठिकाणी ओ देऊ नये असं माझं ठाम मत झालं आहे. सात वाजता लाईट गेली. स्पीकर बॅटरीवर चालू राहिला, पण टॉवरचीही रेंज गेली. असल्या यंत्रात हाक ओळखण्याचं काम यंत्र स्वतः करतं. पुढचं बोलणं समजून घ्यायला बहुधा इंटरनेट लागतं. म्हणजे रेंज नसताना यंत्र ओ देऊ शकतं, पण पुढचं ऐकून काही करू शकत नाही. ओ दिली, काकीने अंधारात, हात भरलेले असताना सगळं सांगितलं, आणि मग सहा सेकंदांनी “जोडणी होत नाही” आलं, तर ती ओ खोटी ठरते. ज्याने ओ दिली त्याने ऐकून घेण्याची हमी दिलेली असते. रेंज नसेल तर पहिलाच शब्द तो असावा: “रेंज नाही.” यंत्राच्या स्वतःच्या घड्याळावर वेळ लागत असेल तर “रेंज नाही, वेळ तेवढी लागेल.” सहा शब्दांच्या आत सगळं खरं सांगून होतं आणि काकी सरळ आईला हाक मारू शकते.

राहता राहिली हाक. काकीला यंत्राला जे नाव घेऊन हाक मारायला सांगितलं होतं ते ती दिवसभरात दोनदा म्हणाली असेल. बाकी सगळा वेळ “काय गो.” आमच्या घरात “काय गो” दिवसाला पन्नास वेळा होतं; आईला, मला, सुनेला, मांजरालाही. त्यावर यंत्र जागं झालं तर दर हाकेला फळीवरून ओ येत राहील. रात्री कुणी बाहेरून हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये, तीनदा ऐकू आली तरच द्यावी, असं आजी आम्हाला सांगायची. हाक आपल्यालाच आहे आणि आपल्या माणसाची आहे हे कळल्याशिवाय ओ देऊ नये, हे तिच्या सांगण्यातलं मला यंत्रासाठी हवं आहे. ते तीनदा मोजून होणार नाही. नाव थोडं लांब, तीन-चार अक्षरांचं, घरात सहसा न बोललं जाणारं ठेवावं लागेल, आणि काकीच्या तोंडात ते बसेपर्यंत तिला चुकायला वाव द्यावा लागेल. नाव कुठलं, ते अजून ठरलेलं नाही. काकीने दोन सुचवली आहेत, पण दोन्ही शेजारच्या वाड्यात माणसांची नावं आहेत.

चंद्र नऊ-साडेनऊच्या सुमारास ढगांतून दिसला. मी पडवीतून हेडफोन काढून आत गेले. काकी झाकण उचलून वाफेत बघत होती, मोदकांवर तकाकी आली आहे का ते. चाळण उतरवायला तिला कुणीतरी हवं होतं. तिने मागे न बघता हाक मारली, “अगो!”

फळीवरचा स्पीकर बंद होता. “ओ,” मी म्हटलं, आणि ती म्हणाली, “फडकां घी, चाळण कढत आसा.”